नाकावरचे १४ मिलिमीटर

भाचीनं मे महिन्यात ऑनलाइन एव्हिएटर मागवला. सोनेरी तारेची फ्रेम, हिरवट काचा, खाली ओघळलेल्या थेंबासारखा आकार. खोकं उघडून आरशासमोर लावला तेव्हा तो तिला शोभलाही. दोन दिवसांनी ती माझ्या दुकानात आली, तेव्हा तिच्या दोन्ही गालांवर लालसर चंद्रकोरी उमटल्या होत्या. ती हसली की गाल वर यायचे, गॉगलच्या खालच्या कडेला भिडायचे आणि अख्खी फ्रेम भुवयांच्याही वर उचलली जायची. हसू ओसरलं की गॉगल पुन्हा घसरून नाकाच्या मध्यावर. "मावशी, माझा चेहराच एव्हिएटरचा नाही," ती हिरमुसून म्हणाली.

चष्म्याच्या धंद्यात हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, आणि दर वेळी मला वाईट वाटतं. माणसं चेहऱ्याला दोष देऊन गॉगल खणात टाकून देतात. प्रश्न बहुतेक वेळा चेहऱ्याचा नसतोच, नाकाचा असतो. तिच्या हातातून गॉगल घेतला आणि डावी काडी उजेडात धरून तिला आतली बारीक अक्षरं दाखवली. तिथं लिहिलं होतं : ५८□१४ १३५.

हे आकडे जवळजवळ प्रत्येक बऱ्या फ्रेमवर असतात आणि गिऱ्हाईक ते क्वचितच वाचतं. पहिला आकडा एका काचेची रुंदी, शेवटचा काडीची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. मधला तो चौकोन म्हणजे मोजण्याच्या पद्धतीची खूण. काच गोल असो, थेंबासारखी असो की मांजरीच्या डोळ्यासारखी, तिच्या कडांना स्पर्श करणारा एक चौकोन तिच्याभोवती आहे असं धरायचं आणि त्याची रुंदी मोजायची. अशा दोन चौकोनांमध्ये जी जागा उरते तो ब्रिज. भाचीच्या गॉगलमध्ये ही जागा १४ मिलिमीटर होती. गॉगलचं बरंचसं वजन याच जागेच्या दोन्ही बाजूंना नाकावर येतं. तिथं तो नीट बसला नाही, तर काचेचा आकार कितीही देखणा असला तरी डोळ्यांसमोर टिकत नाही.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत चेहऱ्यांचे तक्ते येतात. गोल चेहऱ्याला कोनदार फ्रेम, चौकोनी चेहऱ्याला गोल, लांबट चेहऱ्याला खोल काच. हे तक्ते खोटे नाहीत, पण ती दुसरी पायरी आहे. पहिली पायरी घरीच करून बघता येते. आरशासमोर सरळ उभं राहून दोन भुवयांच्या मध्ये तर्जनी टेकवायची आणि हळूहळू खाली सरकवायची. नाकाचं हाड कुठं वर यायला लागतं ते बोटाला कळतं. ते बुबुळांच्या वरच उठलं असेल, तर नाक मुळाशी उंच आहे. बुबुळांच्या रेषेत किंवा त्याखाली उठत असेल, तर नाक मुळाशी बसकं आहे. यात शेंड्याचा काही संबंध नाही. चाफेकळीसारखं तरतरीत दिसणारं नाकही मुळाशी बसकं असू शकतं. भाचीचं तसंच आहे, तिच्या आईवर गेलेलं. तिचं बोट बुबुळांच्या रेषेपर्यंत खाली आलं तेव्हा कुठं तिला हाड लागलं.

एव्हिएटर जन्मला तो विमानं वर जाऊ लागल्यामुळे. १९३० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांना उंचावरच्या प्रखर उजेडानं डोळे दिपण्याचा आणि डोकेदुखीचा त्रास होई. बॉश अँड लोम्ब या कंपनीनं हिरव्या काचांचा, हलक्या धातूच्या फ्रेमचा चष्मा काढला आणि दशकाच्या अखेरीस तो रे-बॅन नावानं सगळ्यांसाठी बाजारात आला. आकारामागचं कारण साधं होतं. वैमानिकाची नजर सतत आभाळातून खाली, समोरच्या घड्याळांच्या तक्त्यावर येत असते. काच डोळ्याच्या खोबणीइतकीच मोठी असेल, तर खाली बघताना तिच्या कडेबाहेरून उघडा उजेड डोळ्यात शिरतो. म्हणून काच खाली आणि बाहेरच्या बाजूला उतरती केली, जेणेकरून डोळा कुठंही फिरला तरी समोर काचच राहावी. ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपिन्समधल्या लेटे बेटावर जनरल मॅकआर्थर गुडघाभर पाण्यातून किनाऱ्याकडे चालत आले, त्या प्रसिद्ध छायाचित्रात त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा आहे. लढाईतल्या अशा छायाचित्रांनी वैमानिकाचा हा चष्मा गावोगाव पोचवला.

आता या काचेचं माप बघा. ५८ रुंदीच्या एव्हिएटरची काच उंचीलाही पन्नासच्या आसपास असते. मधे बहुधा दोन तारा असतात, एक भुवयांच्या रेषेत आडवी आणि दुसरी तिच्याखाली नाकावरून जाणारी. त्या आडव्या तारेमुळे नजर वर ओढली जाते आणि कपाळ रुंद वाटतं. थेंबाची टोकं खाली उतरल्यामुळे गालाचा वरचा भाग झाकला जातो. लांब चेहऱ्याला, ठसठशीत जबड्याला हे फार खुलतं, कारण चेहऱ्याची लांबी मधोमध तुटते. आखूड चेहऱ्यावर मात्र काच अर्ध्या गालापर्यंत येते आणि माणूस गॉगलमागे हरवतो.

भाचीचा चेहरा कानशिलापासून कानशिलापर्यंत १२८ मिलिमीटर. फ्रेमच्या दोन काचा आणि ब्रिज मिळून १३०, शिवाय दोन्हीकडच्या बिजागऱ्या. म्हणजे फ्रेम चेहऱ्याबाहेर डोकावणारच. तिच्या दोन बुबुळांमधलं अंतर ६१, आणि फ्रेमच्या दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर ५८ अधिक १४, म्हणजे ७२. प्रत्येक डोळा काचेच्या मध्यापासून साडेपाच मिलिमीटर नाकाकडे. एवढ्यानं नुसत्या गॉगलमध्ये दिसायला फारसं बिघडत नाही, कारण थेंबाचा आकार मुळातच एकीकडे झुकलेला असतो. पण तिला नंबर असता आणि तो याच फ्रेममध्ये बसवायचा असता, तर काचेचा मध्य तेवढा आत सरकवावा लागला असता आणि उणे नंबराची काच बाहेरच्या कडेला जाड झाली असती.

गालाचा प्रश्न मी आधी नोजपॅडनं सोडवून पाहिला. तारेच्या फ्रेमची ही मोठी सोय आहे. नाकावर टेकणारे ते दोन छोटे पारदर्शक पॅड बारीक तारांवर बसवलेले असतात आणि चिमट्यानं हलवता येतात. पॅड एकमेकांच्या जवळ आणले की गॉगल नाकावर वर चढतो, दूर केले की खाली उतरतो. तारा किंचित लांब केल्या की काच डोळ्यांपासून पुढं जाते आणि पापण्या काचेला घासायच्या थांबतात. मी पॅड जवळ आणले, फ्रेम दोन-अडीच मिलिमीटर वर गेली, नुसतं बसून बोलताना गाल सुटले. मग तिला सांगितलं, मनापासून हस. पुन्हा काच गालाला टेकली. आणखी वर न्यावं, तर वरची तार भुवयांच्या वर जाऊन चेहरा सतत दचकल्यासारखा दिसायला लागला. पॅडनं जे होऊ शकतं त्याची हद्द तिथं संपली. उरला तो काचेच्या आकाराचा भाग, थेंबाचं ते बाहेर उतरणारं टोक. आणि ते नेमकं गालाचं हाड जिथं सगळ्यात वर असतं तिथंच येतं.

"मग वेफेअरर?" तिनं विचारलं. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलामुलींकडे तो आहे.

वेफेअररचा आकार रेमंड स्टेगमन या बॉश अँड लोम्बच्याच रचनाकारानं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आखला. तारेच्या एव्हिएटरपेक्षा तो अगदी वेगळा होता. जाड प्लॅस्टिकची चौकट, वर रुंद आणि खाली निमुळती, बाहेरचे वरचे कोपरे किंचित ताणलेले. १९८३ च्या एका हॉलिवूड चित्रपटात टॉम क्रूझनं तो घातला आणि विस्मरणात चाललेला हा आकार पुन्हा बाजारात उसळला. त्याची खरी ताकद वरच्या कडेत आहे. ती काळी जाड कड चेहऱ्यावर दुसऱ्या भुवईसारखं काम करते. गोलसर, मऊ चेहऱ्याला ती कोपरे देते आणि नजरेला ठाम करते. ब्रिजही त्याच काळ्या प्लॅस्टिकचा असल्यामुळे नाकाचा वरचा भाग त्याखाली झाकला जातो आणि नाक जिथून दिसायला लागतं तो बिंदू खाली येतो. लांब नाक त्यानं आखूड वाटतं. आधीच आखूड असलेलं नाक मात्र आणखी बारकं दिसतं.

मी तिच्यासमोर ५०□२२ ठेवला. इथं एक गंमत बघण्यासारखी आहे. ५० अधिक २२ म्हणजे पुन्हा ७२. बुबुळांच्या हिशेबानं दोन्ही गॉगल सारखेच, पण नाकाच्या हिशेबानं एकात १४ ची जागा आणि दुसऱ्यात २२ ची. आकडे बघून २२ चा ब्रिज तिच्या नाकाला आरामशीर व्हावा असं वाटेल. पण एव्हिएटरमध्ये काचांमधली जागा आणि नाकाला प्रत्यक्ष लागणारी जागा वेगवेगळी असते, कारण पॅड तारांवर मागं असतात आणि हलतात. वेफेअररमध्ये पॅड हलत नाहीत. ते चौकटीतूनच कोरलेले उंचवटे असतात. नाक रुंद आणि मुळाशी उंच असेल, तर २२ चा ब्रिज खोगिरासारखा बसतो. मुळाशी बसक्या नाकावर त्याला टेकायला जागाच मिळत नाही, मग तो घरंगळत खाली येतो आणि अखेर गालांवर टेकतो.

त्यात वेफेअररची चौकट मुळातच तिरकी असते. वरची कड पुढं आणि खालची कड गालांकडे झुकलेली. मूळ आकारात हा झुकाव इतका होता की नंतरच्या 'न्यू वेफेअरर'मध्ये तो कमी करावा लागला. भाचीनं लावून बघितला, दिसायला एव्हिएटरपेक्षा कितीतरी नेटका. मी तिला खाली वाकून बुटाची नाडी बांधायचा आविर्भाव करायला सांगितलं. गॉगल नाकाच्या शेंड्यावर आला. दुकानात गॉगल घ्याल तेव्हा ही दोन कामं जरूर करा, मोठ्यानं हसा आणि खाली वाका. आरशासमोर ताठ उभं राहून गॉगल कधीच खरं बोलत नाही.

काहीजण अशा वेळी सिलिकॉनचे चिकटवायचे पॅड लावतात. घामानं ते आठवड्या-दोन आठवड्यांत सुटतात, पण नव्या गॉगलचा अंदाज घ्यायला वाईट नाहीत. बसक्या नाकांसाठी उंच पॅड असलेल्या वेगळ्या चौकटीही कंपन्या काढतात, लेबलावर तसं लिहिलेलं असतं. कोकणात, विदर्भात, सगळीकडेच अशी नाकं आहेत आणि त्यांना युरोपी नाकाच्या मापाचीच चौकट विकली जाते, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

घसरण्याचा प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही. गॉगल खाली आला की माणूस त्याच्या वरच्या कडेवरून बघायला लागतो आणि उजेड थेट डोळ्यात जातो. भाचीच्या एव्हिएटरच्या हिरव्या काचेतून सुमारे १५ टक्के प्रकाश आत येत होता, म्हणजे तिसऱ्या श्रेणीची काच. या श्रेणीत ८ ते १८ टक्के प्रकाश येतो आणि आपल्याकडच्या उन्हाला ती पुरते. गडद काचेमागं बाहुली मोठी होते. काच अतिनील किरणं अडवणारी नसेल, किंवा अडवणारी असूनही वरून-बाजूनं फट असेल, तर मोठ्या झालेल्या बाहुलीतून ती किरणं जास्तच आत जातात. म्हणून काचेवर 'यूव्ही ४००' लिहिलंय का ते बघा, आणि भुवया व वरची कड यांच्यामधली फटही बघा. दोन्ही एकाच गोष्टीचे भाग आहेत.

गोल फ्रेमच्या बाबतीत ही फट सगळ्यात मोठी असते. बारीक तारेच्या गोल चष्म्याचं नाव घेतलं की आपल्यासमोर गांधीजी येतात आणि जगासमोर जॉन लेनन. या आकाराच्या जुन्या चष्म्यांना पॅड नसत, मधली तार खोगिराच्या आकारात वाकवून थेट नाकाच्या हाडावर टेकवलेली असे. सगळं वजन एका रेषेत, पण चष्माच इतका हलका की चाले. त्याच्या पुढची सुधारणा किल्लीच्या भोकासारखा ब्रिज. वर गोल पोकळी, खाली दोन फाकलेले पाय. हाडाच्या माथ्याला तो लागतच नाही, नाकाच्या दोन्ही अंगांवर टेकतो. त्या पोकळीतून नाकाचं मूळ उघडं दिसतं, म्हणून नाक थोडं लांब आणि सडपातळ वाटतं. आखूड नाकाच्या माणसानं वेफेअररच्या भरीव ब्रिजऐवजी हा ब्रिज बघावा.

गोल काच रेखीव जबड्याला आणि उठावदार गालफडांना मऊपणा देते. पण ती माफ फार थोड्या गोष्टी करते. वर्तुळाला मध्य असतो आणि पाहणाऱ्याची नजर तो आपोआप शोधते. डोळा त्या मध्याच्या जवळ नसला, तर समोरच्याला चुकचुकल्यासारखं होतं, बघणाऱ्याचे डोळे नाकाकडे वळल्याचा भास होतो. दुकानातल्या ५०□२१ गोल फ्रेमची बेरीज ७१. भाचीचे डोळे ६१ वर. दोन्ही डोळे पाच-पाच मिलिमीटर आत. एव्हिएटरमध्ये जवळजवळ हाच फरक लपला होता, इथं तो पहिल्याच क्षणी दिसला. तिला गोलच हवा असता, तर मी ४४□२० सारखा काहीतरी दाखवला असता, बेरीज ६४. पण मग काच एवढी लहान होते की बाजूनं ऊन शिरतं. नुसत्या हौसेला ठीक आहे, गणपतीपुळ्याच्या वाळूवर दिवस काढायला नाही.

मग मी मागच्या खणातून कॅट-आय काढला. ती जरा नाखूश झाली, तिला तो जुन्या चित्रपटांतल्या नायिकांचा वाटला.

या आकाराची गोष्ट मला मनापासून आवडते. अल्टिना शिनासी ही न्यूयॉर्कमध्ये दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवणारी कलाकार होती. १९३० च्या दशकात एका चष्म्याच्या दुकानासमोरून जाताना तिला दिसलं की बायकांसाठी ठेवलेल्या सगळ्या फ्रेमा निव्वळ कंटाळवाण्या आहेत. तिला हार्लेक्विनचे, म्हणजे इटालियन नाटकातल्या विदूषकाचे मुखवटे आठवले, बाहेरची टोकं वर उचललेले. तिनं कागद कापून त्या आकाराचे नमुने केले. कारखानदारांनी आधी नकार दिला, मग न्यूयॉर्कच्याच एका चष्मेवाल्यानं ते विकायला घेतले आणि 'हार्लेक्विन' फ्रेम चालायला लागली. १९३९ मध्ये तिला या रचनेसाठी लॉर्ड अँड टेलर या मोठ्या दुकानाचा पुरस्कार मिळाला. आज ज्याला आपण कॅट-आय म्हणतो त्याची मुळं तिथं आहेत.

कॅट-आयचं सगळं काम बाहेरच्या वरच्या कोपऱ्यात चालतं. भुवईची रेषा जिथं उतरायला लागते तिथं ही कड वर जाते, आणि चेहरा उचलल्यासारखा दिसतो. हनुवटीकडे भरलेल्या चेहऱ्याला वरून रुंदी मिळून तोल येतो. कपाळ आधीच रुंद आणि हनुवटी टोकदार असेल, तर मात्र टोकं फार न ताणलेला, बेताचा कॅट-आय घ्यावा. चेहऱ्याच्या तक्त्यात एवढं सापडतं. भाचीसाठी महत्त्वाची होती ती खालची कड. एव्हिएटरची खालची कड बाहेर जाताना गालावर उतरते. कॅट-आयची खालची कड बाहेर जाताना वर चढते. गालाचं हाड जिथं सगळ्यात उंच, तिथं काच सगळ्यात दूर.

मी निवडलेल्या फ्रेमवर ५२□१७ लिहिलेलं होतं, बेरीज ६९. समोरची चौकट प्लॅस्टिकची, गडद तपकिरी, पण नोजपॅड तारेवरचे, हलणारे. ही जोडणी बसक्या नाकासाठी फार सोयीची. ते पॅड जरा जवळ आणले, तारा एका मिलिमीटरनं लांब केल्या. वरची कड भुवयांच्या रेषेत आली. काड्या गरम हवेच्या झोतावर धरून मऊ केल्या आणि कानाच्या वरच्या टोकाशी जिथून उतार सुरू होतो नेमक्या तिथूनच वळवल्या. हा वळसा अर्धा इंच मागं पडला, तरी गॉगल पुढं ओढला जातो आणि नाकाचं सगळं काम वाया जातं. मग तिला हसायला सांगितलं, वाकायला सांगितलं, मान झटक्यात वळवायला सांगितलं. गालावर काही टेकलं नाही. दोन आठवड्यांनी आली तेव्हा पॅडच्या जागी नाकावर दोन फिकट ठिपके होते, दोन्ही सारखे. एका बाजूचा ठिपका जास्त लाल असता, तर फ्रेम तिरकी बसलीय असं समजून मी पुन्हा चिमटा हातात घेतला असता.

तिचा एव्हिएटर आता भाऊजींकडे आहे. त्यांचं नाक मुळापासून उंच, चेहरा लांब, बुबुळांमधलं अंतर ६६. पॅड परत मूळ जागी आणले, बाकी काहीच करावं लागलं नाही.